ठेव आणि करमुक्त रोखा एकाच मापात

मागच्या महिन्यात माण तालुक्यातल्या एका वहिनींनी आम्हाला प्रश्न पाठवला. त्यांना माहेरच्या जमिनीच्या वाट्याचे चार लाख रुपये मिळाले. ते पाच वर्षं कुठंतरी सुरक्षित ठेवायचे आणि दर वर्षी व्याज घ्यायचं, एवढाच त्यांचा विचार. बँकेत मुदत ठेवीला ७ टक्के सांगितले. तेवढ्यात ओळखीचा एक एजंट म्हणाला, "ठेवीच्या व्याजावर कर लागतो. त्यापेक्षा नाबार्डचा करमुक्त रोखा घ्या. त्याला ७.६४ टक्के व्याज आहे आणि त्यावर एक रुपयाही कर नाही."

वहिनींनी आम्हाला विचारलं, "व्याजही जास्त आणि करही नाही, मग लोक बँकेत ठेवी ठेवतात तरी कशाला?"

प्रश्न अगदी रास्त आहे. आज आम्ही याचाच हिशेब करणार आहोत. वही-पेन जवळ असेल तर घ्या. नसेल तर नुसतं ऐका, आकडे थोडेच आहेत.

आधी मापाचं बोलू. आमच्या सांगलीकडं हळद पिकते. शेतातून काढलेल्या ओल्या हळदीचं वजन वेगळं, आणि शिजवून वाळवल्यावर उरलेल्या हळदीचं वजन वेगळं. एकीकडं ओली, दुसरीकडं वाळलेली हळद ठेवून कुणी भावाची तुलना करत नाही. आधी दोन्ही वाळवायच्या, मग तोलायच्या. ठेवीचा ७ टक्के हा ओल्या हळदीसारखा आहे. त्यातून कर जायचा आहे. करमुक्त रोख्याचं व्याज आधीच वाळलेलं आहे. म्हणून ठेवीचा दरही कर काढून वाळवायचा आणि मग दोन्ही शेजारी ठेवायचे. कर गेल्यावर हातात जे उरतं, त्याला करोत्तर परतावा म्हणतात.

रीत सोपी आहे. आपल्याला १०० रुपये जादा व्याज मिळालं, तर त्यातले किती रुपये कराला जातील हे आधी पाहायचं. समजा २० रुपये ८० पैसे जातात. मग उरतात ७९ रुपये २० पैसे. ७ टक्क्याला ०.७९२ ने गुणलं की ५.५४ आले. अशा बाईसाठी ७ टक्क्यांची ठेव म्हणजे ५.५४ टक्क्यांचा करमुक्त रोखा. उलट बाजूनंही जाता येतं. करमुक्त दराला ०.७९२ ने भागलं की तेवढ्या मोलाची करपात्र ठेव किती टक्क्यांची असायला हवी ते कळतं.

मैत्रिणींनो, या हिशेबात तीन आकडे लागतात. ठेवीचा खरा दर, रोख्याचा खरा दर आणि कराचा दर. गंमत अशी की तिन्ही ठिकाणी सांगितला जाणारा आकडा एक असतो आणि खरा दुसराच निघतो. एकेक पाहू.

पहिला, रोख्याचा दर. करमुक्त रोखे काढायची परवानगी केंद्र सरकारनं काही सरकारी संस्थांना दिली होती. नाबार्ड, राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण, रेल्वेची वित्त संस्था, अशा त्या. २०१५-१६ नंतर असे नवे रोखे सार्वजनिक विक्रीला आलेले नाहीत. नाबार्डनं मार्च २०१६ मध्ये काढलेल्या रोख्यांपैकी १५ वर्षांच्या रोख्यावर छोट्या गुंतवणूकदारांना ७.६४ टक्के दर दिला. एक रोखा १,००० रुपयांचा. म्हणजे वर्षाला ७६ रुपये ४० पैसे व्याज, आणि मार्च २०३१ मध्ये १,००० रुपये परत. एजंट खोटं बोलला नव्हता. ७.६४ हा आकडा रोख्यावर खरंच छापलेला आहे.

पण आज तो रोखा नाबार्डकडून मिळत नाही. ज्यांनी तेव्हा घेतला, त्यांच्याकडून शेअर बाजारात विकत घ्यावा लागतो. आता ७.६४ टक्के करमुक्त व्याज देणारी वस्तू कुणी १,००० रुपयांना का विकेल? दुभती म्हैस विकणारा दुधाचा हिशेब धरूनच किंमत सांगतो. तसंच इथं. समजा मुदतीला पाच वर्षं उरलीत, यंदाचं व्याज नुकतंच वाटून झालंय आणि बाजारात एका रोख्याला १,०९१ रुपये मागतात. ही किंमत आम्ही उदाहरणासाठी धरली आहे. तुम्ही घ्याल त्या दिवशीची किंमत तुम्हीच पाहायची.

आता वहिनींचे चार लाख घ्या. १,०९१ रुपयांप्रमाणे ३६६ रोखे येतील. वर्षाचं व्याज २७,९६२ रुपये. बँकेत चार लाख ठेवले तर ७ टक्क्यांनी २८,००० रुपये. म्हणजे दर वर्षी हातात येणारी रक्कम जवळजवळ सारखीच. फरक शेवटी पडतो. पाच वर्षांनी बँक चार लाख परत देईल. रोख्याचे मात्र ३६६ गुणिले १,०००, म्हणजे ३ लाख ६६ हजारच परत येतील. वर दिलेले ९१ रुपये प्रत्येक रोख्यामागं गेले ते गेले. ३६६ रोख्यांचे मिळून ते ३३,३०६ रुपये होतात.

मग रोख्याचा खरा दर किती? वहीवरचा सोपा हिशेब असा. ९१ रुपयांचा तोटा पाच वर्षांत वाटला तर वर्षाला १८ रुपये २० पैसे. ते ७६.४० मधून वजा केले की ५८.२० उरले. १,०९१ रुपये गुंतवून वर्षाला ५८.२० म्हणजे ५.३३ टक्के. तो तोटा दर वर्षी न होता शेवटी एकदम होतो, त्यामुळं काटेकोर हिशेबानं दर थोडा वर, साधारण ५.५ टक्के येतो. याला मुदतीपर्यंतचा परतावा म्हणतात. ब्रोकरला विचारताना "व्याज किती?" असं विचारू नका. "आजच्या किमतीला मुदतीपर्यंतचा परतावा किती?" असं विचारा. तुलना करायची ती या आकड्याशी. ७.६४ शी नाही.

इथं एक बारीक गोष्ट सांगून ठेवतो. व्याज वर्षातून एकदा मिळतं. ती तारीख जवळ आली की बाजारातल्या किमतीत साचलेलं व्याजही मिसळलेलं असतं. व्याजाच्या तारखेनंतर अकरा महिन्यांनी घेतलात तर किमतीत साधारण ७० रुपये साचलेल्या व्याजाचेच असतील. तारीख न बघता दोन दिवसांच्या किमती शेजारी ठेवल्या तर रोखा उगाच महागला असं वाटतं. आणखी एक. काही जुन्या करमुक्त रोख्यांमध्ये मूळ मालकानं विकला की व्याजदर कमी होतो अशी अट आहे. कुठल्या वर्षीचा आणि कुठल्या मालिकेचा रोखा आहे ते विचारूनच घ्यायचा.

दुसरा आकडा, ठेवीचा दर. इथंही एक चकवा आहे. पाच वर्षं व्याज न काढता तसंच ठेवलं तर ७ टक्क्यांची ठेव व्याजावर व्याज धरून वाढते. तिमाही चक्रवाढीनं एक लाखाचे पाच वर्षांत सुमारे १ लाख ४१ हजार ४८० होतात. मग काही ठिकाणी ४१,४८० ला पाचानं भागून पाटीवर लिहितात, "परतावा ८.३० टक्के". हा आकडा फुगवलेला आहे, कारण त्यात मागच्या वर्षांच्या व्याजावरचं व्याज आलंय आणि भागाकार मात्र मूळ लाखावरच केलाय. वर्षाच्या हिशेबानं तो दर ७.१९ टक्के आहे. रोखा वर्षातून एकदा व्याज देतो, म्हणून ठेवीचाही वर्षाचा दर धरायचा. वहिनींना दर वर्षी व्याज काढून घ्यायचं आहे, तेव्हा त्यांच्यासाठी ७ टक्केच धरू.

म्हणजे आता एका बाजूला ७ टक्के करपात्र आणि दुसऱ्या बाजूला ५.५ टक्के करमुक्त. आता तिसरा आकडा, कर.

बऱ्याच जणी इथं १० टक्के धरतात. का, तर बँक १० टक्के कापते म्हणून. ती कपात म्हणजे आगाऊ घेतलेली रक्कम असते, आपला कर नसतो. २०२५-२६ या वर्षी एका बँकेतलं व्याज ५०,००० रुपयांच्या वर गेलं तरच बँक ती कपात करते, आणि साठी ओलांडलेल्यांसाठी ही मर्यादा एक लाख आहे. वर्षाअखेर आपला खरा कर शून्य निघाला तर विवरणपत्र भरून कापलेले पैसे परत मिळतात. आणि खरा कर जास्त निघाला तर उरलेला भरावा लागतो. बँकेनं कापलं म्हणजे सगळं झालं असं नाही, आणि कापलं नाही म्हणजे कर नाही असंही नाही.

खरा दर आपल्या वर्षाच्या एकूण करपात्र उत्पन्नावर ठरतो. २०२५-२६ च्या नव्या कररचनेत पहिल्या ४ लाखांवर कर नाही. ४ ते ८ लाखांवर ५ टक्के, ८ ते १२ लाखांवर १० टक्के, १२ ते १६ लाखांवर १५ टक्के, असं पुढं २४ लाखांच्या वर ३० टक्क्यांपर्यंत जातं. त्यावर ४ टक्के उपकर. पण ज्यांचं एकूण करपात्र उत्पन्न १२ लाखांपर्यंत आहे, त्यांना ६०,००० रुपयांपर्यंतची सवलत मिळते आणि कर शून्य होतो. ठेवीचं व्याजही या १२ लाखांतच धरायचं.

वहिनींचं शिवणकाम आणि दुधाचं बिल मिळून वर्षाला दोन लाखांच्या आत आहे. त्यात व्याजाचे २८,००० मिळवले तरी कराच्या जवळपासही त्या जात नाहीत. शेतीचं उत्पन्न तर करमुक्तच आहे. बाकीचं उत्पन्न ४ लाखांच्या वर गेलं तरच कराचा दर ठरवताना शेतीचं उत्पन्न सोबत धरतात. म्हणजे वहिनींसाठी १०० रुपये व्याजातले शून्य रुपये कराला जातात. ७ गुणिले एक, सातच. त्यांची हळद आधीच वाळलेली आहे. समोर रोखा ५.५ टक्क्यांचा. जो कर त्यांना लागणारच नव्हता तो वाचवायला त्या पाच वर्षांत ३३,००० रुपये मोजणार होत्या.

करमुक्त रोख्याची जादा किंमत कोण देतं हेही समजून घ्या. ज्यांना जास्त कर आहे ते देतात. २४ लाखांच्या वर उत्पन्न असलेल्यांना व्याजातल्या दर १०० रुपयांमागं उपकर धरून ३१ रुपये २० पैसे कर जातो. त्यांची ७ टक्क्यांची ठेव वाळवली की ४.८२ टक्के उरते. त्यांना ५.५ चा रोखा परवडतो, म्हणून ते १,०९१ देतात. त्यांच्यासाठी ठरलेली किंमत आपण का द्यायची?

मग रोखा कुणाला परवडतो याची सीमारेषा काढू. ५.५ ला ७ ने भागा. ०.७८६ आले. म्हणजे १०० रुपयांतले ७८ रुपये ६० पैसे हातात राहिले तर दोन्ही सारखे. कर २१ रुपये ४० पैशांपेक्षा कमी असेल तर ठेव बरी, जास्त असेल तर रोखा बरा. नव्या रचनेत १४ लाख उत्पन्न असलेल्या बाईंना उपकर धरून १५.६ टक्के कर. त्यांची ठेव ५.९१ टक्क्यांची होते. म्हणजे त्यांनाही ठेवच बरी. जुन्या रचनेत राहिलेल्या, ५ ते १० लाखांच्या टप्प्यातल्या निवृत्त बाईंना २०.८ टक्के कर. त्यांची ठेव ५.५४ ची. दोन्ही जवळजवळ सारखे. सीमारेषा ठेवीच्या आणि रोख्याच्या दरांबरोबर हलते, म्हणून भागाकार दर वेळी नव्यानं करायचा.

इथवर हिशेब सरळ आहे. आता दुसरी मैत्रीण. ही पलूसच्या बाजूची. तिचं म्हणणं असं: "मला स्वतःचं काही उत्पन्न नाही. माझ्या नावावर दहा लाखांची ठेव करायची आहे. कर शून्य, म्हणजे मलाही ठेवच बरी ना?"

आम्ही विचारलं, "ताई, पैसे कुणाचे?" ती म्हणाली, "ह्यांनी दिलेत. ते कॉलेजात प्राध्यापक आहेत. माझ्या नावावर ठेवलं की कर वाचेल म्हणतात."

मैत्रिणींनो, नवऱ्यानं बायकोला मोबदल्याशिवाय पैसे दिले आणि ते तिनं ठेवीत गुंतवले, तर पावतीवर नाव तिचं असलं तरी ते व्याज कायद्यानं नवऱ्याच्या उत्पन्नात मिळवायचं असतं. पैसे देण्यात गैर काही नाही, ते तिचेच होतात. फक्त व्याजावरचा कर त्याच्या दरानं मोजायचा. बायकोची स्वतःची कमाई, माहेरहून मिळालेलं, वारसानं आलेलं, याला हे लागू नाही. म्हणून वहिनींचा हिशेब वहिनींच्या दरानं झाला, आणि या ताईंचा हिशेब त्यांच्या मालकांच्या दरानं करावा लागेल. ताईंच्या खात्यातून बँकेनं कर कापला नाही म्हणून हे टळत नाही.

मालकांचं करपात्र उत्पन्न, पगारातली प्रमाणित वजावट जाऊन, ११ लाख ८० हजार आहे. म्हणजे १२ लाखांच्या आत, कर शून्य. आता दहा लाखांच्या ठेवीचं ७०,००० रुपये व्याज त्यात मिळवा. १२ लाख ५० हजार झाले. सवलतीची मर्यादा ओलांडली. टप्प्यांप्रमाणं कर ६७,५०० येतो. इथं कायदा थोडा दिलासा देतो. १२ लाखांच्या वर जेवढे रुपये गेले, त्यापेक्षा जास्त कर घ्यायचा नाही. वर गेले ५०,०००, म्हणून कर ५०,००० आणि उपकर २,०००. एकूण ५२,००० रुपये.

ठेवीनं व्याज दिलं ७०,००० आणि त्याच्यापायी कर लागला ५२,०००. हातात राहिले १८,०००. दहा लाखांवर १८,००० म्हणजे १.८ टक्के! टप्पा पाहून १५.६ टक्के कर धरला असता तर आपण ५.९१ टक्के समजून बसलो असतो. १२ लाखांपासून साधारण १२ लाख ७० हजारांपर्यंत हा खड्डा आहे. त्यात वाढलेला प्रत्येक रुपया करातच जातो.

आता रोखा पाहा. दहा लाखांत १,०९१ प्रमाणे ९१६ रोखे. व्याज ६९,९८२ रुपये. तेही मालकांच्या नावावरच धरायचं, पण मुळात करमुक्त असल्यानं १२ लाखांत मोजलं जात नाही. कर शून्यच राहतो. मुदतीला होणाऱ्या तोट्यासाठी वर्षाला १६,७०० बाजूला काढले तरी ५३,३०० उरतात. ठेवीच्या १८,००० समोर ५३,३००. वहिनींसाठी जो रोखा तोट्याचा होता, तोच या घरात ठेवीच्या तिप्पट ठरला. रोखाही तोच आणि ठेवही तीच. बदलला फक्त कर.

पण थांबा, लगेच सगळे दहा लाख रोख्यात घालू नका. दोन गोष्टी पाहायच्या आहेत. पहिली, मालकांना १२ लाखांपर्यंत अजून २०,००० रुपयांची जागा आहे. २ लाख ८५ हजारांची ठेव केली तर व्याज १९,९५० येईल आणि कर शून्यच राहील. तेवढ्या रकमेला पूर्ण ७ टक्के मिळतात. प्रश्न फक्त उरलेल्या ७ लाख १५ हजारांचा आहे. दुसरी गोष्ट, हा खड्डा त्या वर्षापुरता आहे. महागाई भत्ता वाढून मालकांचं उत्पन्न पुढच्या वर्षी १३ लाखांवर गेलं, तर ते खड्ड्याच्या पलीकडं जातील. मग ठेवीचं व्याज १५.६ टक्क्यांनी कापलं जाईल, ठेव ५.९१ ची होईल आणि ५.५ चा रोखा पुन्हा मागं पडेल. म्हणून पाच वर्षांचा रोखा घेण्याआधी पुढच्या दोन-तीन वर्षांचं उत्पन्न अंदाजानं मांडायचं.

अशा काठावरच्या घरानं गुणाकाराच्या भरवशावर राहू नये. कराचा पूर्ण हिशेब दोनदा करायचा, एकदा ठेव धरून आणि एकदा न धरता. दोन्हीतला फरक हाच त्या ठेवीवरचा खरा कर. करसल्लागाराकडं गेलात तर त्यांना एवढंच विचारा, "हे व्याज आल्यामुळं आमचा एकूण कर किती रुपयांनी वाढेल?"

शेवटी, या मापात न येणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. एक, सुरक्षितता. कर काढून दर सारखे झाले म्हणजे दोन्ही ठिकाणचा धोकाही सारखा झाला असं नाही. आपल्या भागात कराड जनता सहकारी बँकेचा परवाना रिझर्व्ह बँकेनं डिसेंबर २०२० मध्ये रद्द केला, ते आपल्याला आठवत असेल. बँकेतल्या ठेवीला एका ठेवीदारामागं, एका बँकेत, व्याजासह ५ लाखांपर्यंत विम्याचं संरक्षण आहे. दहा लाख एकाच बँकेत ठेवले तर वरचे पाच लाख त्याबाहेर राहतात. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाहीच. पतसंस्था एक-दीड टक्का जास्त देते तेव्हा हे आधी आठवायचं.

दोन, पैसे मध्येच लागले तर. ठेव मोडता येते, थोडं व्याज कमी मिळतं, किंवा तिच्यावर कर्ज काढता येतं. रोखा मोडता येत नाही, बाजारात विकावा लागतो. त्यासाठी डीमॅट खातं लागतं, त्याचा वार्षिक खर्च असू शकतो, आणि त्या दिवशी घेणारा असेल तो देईल ती किंमत. बाजारातले व्याजदर वाढले असतील तर किंमत उतरलेली असते. विकताना नफा झाला तर त्या नफ्यावर कर आहे. करमुक्त आहे ते फक्त व्याज. चार लाखांवाल्या वहिनींना डीमॅटचा वर्षाचा खर्च लागला तर तोही परतावा आणखी खाली ओढेल.

आमच्या वहिनींनी हिशेब ऐकला आणि म्हणाल्या, "म्हणजे मला करमुक्त रोखा नकोच, मीच करमुक्त आहे." त्यांनी चार लाख बँकेत ठेवले. पलूसच्या ताईंनी २ लाख ८५ हजारांची ठेव केली आणि उरलेल्या रकमेसाठी मालकांना पगाराचे कागद घेऊन करसल्लागाराकडं धाडलंय.

तुमच्या गटाच्या पुढच्या बैठकीत एक कागद घ्या आणि त्यावर चार ओळी लिहा. पैसे कुणाकडून आले, म्हणजे कर कुणाच्या दरानं. त्या माणसाचं वर्षाचं करपात्र उत्पन्न किती. ठेवीचा वर्षाचा दर किती. आणि रोख्याचा आजच्या किमतीला मुदतीपर्यंतचा परतावा किती. या चार ओळी भरल्याशिवाय कुणी "करमुक्त" म्हणालं तरी सही करू नका. हिशेब अडला तर आकडे आम्हाला कळवा, पुढच्या भागात आपण तो मिळून सोडवू.